तळ्याचा वास

लोणारला पहिल्यांदा उतरणारा माणूस नाकाला रुमाल लावतो आणि तिथला माणूस त्याच्याकडे बघून हसतो. तळ्याचं पाणी उन्हाळ्यात आटलं की नासक्या अंड्यासारखा वास गावावर बसतो. माझी थोरली बहीण तिथे नांदत होती. भाऊजी सरकारी नोकर, आणि नव्या वसाहतीत त्यांना तळमजल्याची खोली मिळालेली. तेव्हा जिल्ह्यात ज्याच्या घरी गॅसची शेगडी, त्याच्याकडे लोक ती बघायला चहाच्या निमित्ताने जायचे. इथे तर सगळ्या वसाहतीला मिळून एकच खोली, तिच्यात मोठ्या टाक्यांच्या दोन रांगा, आणि तिथून नळीने प्रत्येकीच्या ओट्यापर्यंत गॅस. ताईचा ओटा त्या खोलीला सर्वांत जवळचा.

त्या खोलीच्या सुरक्षेचं टिपण बुलढाण्याच्या आमच्या कचेरीत मी लिहिलं होतं. जीव ओतून लिहिलं होतं म्हणा ना. हा गॅस हवेपेक्षा जड, तो पाण्यासारखा जमिनीवरून वाहतो. म्हणून समोरासमोरच्या भिंतींना अगदी जमिनीलगत जाळ्या, वरही जाळ्या, दार बाहेर उघडणारं, दिव्याचं बटण खोलीबाहेर. इमारतीपासून तीन मीटर मोकळं अंतर, त्यात गटार नाही, खड्डा नाही, विस्तव तर नाहीच. हे सगळं साहेबांनी मान्य केलं. शेवटच्या कलमावर मात्र त्यांनी आडवी रेघ मारली. गळती ओळखणारं यंत्र जमिनीपासून वीतभर उंचीवर लावावं, आणि गॅस पेट घेण्याच्या पातळीच्या पाचव्या हिश्शाला पोचला की भोंगा वाजावा, असं ते कलम होतं.

साहेब वाईट माणूस नव्हते. ते म्हणाले, "अहो, गॅसमध्ये घाण वास मुद्दाम मिसळलेला असतो. देवाने प्रत्येकाला नाक दिलंय. परदेशी यंत्र कशाला?"

मी म्हटलं, "साहेब, लोणारच्या माणसाला नाकच नाही. तिथं काहीही नासलं तरी लोक तळ्याचं नाव घेतात."

ते हसले. मला हसू आलं नाही. वसाहत सुरू झाली आणि माझी झोप उडाली. डोळ्यांसमोर ताईची दोन लेकरं यायची. कुणाला सांगणार? बायको म्हणाली, तुम्हाला येड लागलं. लागलंच होतं. उन्हाळ्यात मी रजा टाकली आणि ताईकडे जाऊन बसलो. म्हटलं, यंत्र नाही तर नाही, माझं नाक तरी आहे.

पहिल्या दिवशी त्या वासाने मला जेवण गेलं नाही. तरीही सकाळ-संध्याकाळ मी खालच्या जाळ्यांपाशी उकिडवा बसून वास घ्यायचो. खोलीला कुलूप, किल्ली रखवालदाराच्या करदोट्याला, आणि टाक्या बदलणाऱ्या माणसाशिवाय कुणालाही आत सोडायची त्याला बंदी. साबणाचं पाणी घेऊन सांधे तपासू दे म्हणून मी त्याच्या हातापाया पडलो, पण तो बधला नाही. शेजारच्या बाया मला बघून तोंडाला पदर लावायच्या. ताई वैतागून म्हणायची, "काऊन असा बसत राहतं बे तिथं? लोक मले विचारून राह्यले, तुह्या भावाले काही झालं का म्हणून."

आठवडाभरात माझी मळमळ थांबली. जेवण गोड लागायला लागलं. मला बरंच वाटलं त्याचं.

मग कुरड्यांचा दिवस आला. चिकाचा गंज, म्हणजे पातेलं, एवढा मोठा की शेगडीवर मावत नाही, त्याला अंगणातली चूल लागते. आणि वसाहतीत सपाट, झाडलेली, सावलीची मोकळी जागा एकच होती, मी टिपणात सोडायला लावलेले ते तीन मीटर. बायांनी तिथेच तीन दगड मांडले होते. मी अंघोळीला गेलो होतो. ओल्या अंगाने बाहेर येऊन बघतो तर चूल रचलेली, गंज चढलेला, लेकरं खोलीच्या भिंतीला टेकून कच्चा चीक चाटत बसलेली. मी ताईवर ओरडायला तोंड उघडलं, तेवढ्यात तिची नणंद साखरखेर्ड्याहून एसटीने आली. डोक्यावर गव्हाची थैली. उभ्याने हसली, बोलली, लेकरांना हाका मारल्या. थैली ठेवायला खाली वाकली आणि तिने पटकन नाकाला पदर लावला.

"काय सडून राह्यलं वो वहिनी इथं?"

"तळं व्हय," ताई म्हणाली. तिच्या हातात काडीपेटी होती.

मीही तेच म्हणणार होतो, खरं सांगतो. पण नणंद उभी राहिली आणि तिने पदर काढला. पुन्हा वाकली, पुन्हा लावला. तळ्याचा वास उभ्या माणसालाही येतो. हा खाली होता, पायाच्या घोट्याशी. झाडाचं पान हलत नव्हतं, वारा असता तर तो उडून गेला असता. मी ताईचं मनगट धरलं तेव्हा काडी पेटीला टेकलेली होती.

"पेटवू नको. लेकरं उचल. पलीकडं जा, चढावर."

तिने दोघांना दोन्ही बगलांत घेतलं. मी नणंदेला म्हटलं, घराघरात सांगा, शेगड्या बंद करा, दिव्याच्या बटणाला कुणी हात लावू नका. खोलीबाहेर नळीवर असलेली मोठी चावी मी फिरवून बंद केली. त्यामुळे ओट्यांकडे जाणारा गॅस थांबला, पण गळती आतल्या टाक्यांपाशी होती, तिला त्या चावीचं काय! रखवालदार चहाला स्टँडवर गेलेला. एकाने हातोडा आणला कुलूप फोडायला. मी त्याला आडवा झालो. लोखंडावर लोखंड बसून एक ठिणगी उडाली की संपलं. तो मला शिव्या देत होता आणि मी हात जोडत होतो. दुसरा सायकलवर किल्ली आणायला गेला. तेवढा वेळ मी भरल्या उन्हात उभा होतो आणि कुणाच्या ओट्यावर स्टोव्ह तर पेटता राहिला नाही ना, एवढंच मनात फिरत होतं. रडू येत होतं, तेही सांगतो.

किल्ली आली. दार हळू उघडलं, बाहेरची हवा आत जाऊ दिली, मग आत शिरून एकेक टाकी बंद केली. वास गेला असं नणंदेने सांगितल्यावर नळी जोडलेल्या ठिकाणी साबणाचं पाणी लावलं आणि ज्या टाकीवर संशय होता ती जरा उघडली. नटाच्या खालून बुडबुडे फुगत आले. टाकी पुन्हा बंद केली.

दुसऱ्या दिवशी साहेब जीपने आले. नाकाला रुमाल. सगळं बघून ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "तुम्ही तर इथेच होतात. रोज वास घेत होतात म्हणे. मग तुम्हाला कसा नाही आला?" त्यांनी खोडलेलं कलम पुन्हा घातलं आणि यंत्र येईपर्यंत टाक्या बंद ठेवायला लावल्या.

त्या संध्याकाळी ताईने स्टोव्हवर पिठलं केलं. माझ्या ताटात भाकरी ठेवून ती समोर बसली. ती रागावली नव्हती.

म्हणाली, "आधी मी गॅसच्या भेवानं रातचं दोनदा उठून पाहो भाऊ, लेकरं हालतात का म्हणून. तू आला तशी उठायची बंद झाली होती."