पहिल्या खातेदाराची सही

बँकेचे सगळे व्यवहार बायकोच बघायची. खातं आणि तीन मुदत ठेवी दोघांच्या नावावर, पण पहिलं नाव तिचं. ती गेल्यावर मी जळगावच्या शाखेत गेलो, तर त्यांनी सांगितलं, ‘‘खातं धुळ्याचं आहे, तिकडेच जा.’’ नोकरीत असताना आम्ही धुळ्याला राहायचो, तेव्हाचं ते खातं.

एसटीने धुळं गाठलं. मृत्यूचा दाखला, पासबुक, ठेवींच्या पावत्या, आधार, पॅन, सगळं पुढे ठेवलं. काउंटरवरचा माणूस म्हणाला, ‘‘कोर्टातून वारस दाखला आणा. मुलांच्या सह्याही लागतील.’’

मुलगी फैजपूरला, मुलगा पुण्यात. कोर्टाचं नाव ऐकूनच माझं डोकं तडकलं. घरी येऊन पावत्या पुन्हा नीट वाचल्या. तिन्हींवर छापलेलं होतं, ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात असलेला’. हयात मीच होतो की!

पुढच्या आठवड्यात परत धुळं. आता काउंटरवर त्या माणसाऐवजी एक तरुण मुलगी. तिने अर्ज चाळला आणि मान वर न करता म्हणाली, ‘‘पहिल्या खातेदाराची सही राहिलीय. मॅडमना घेऊन या.’’

‘‘बाई, त्यांच्याच मृत्यूचा दाखला तुमच्या हातात आहे.’’

ती ओशाळली, पण माझा आवाज चढला तो चढलाच. रांगेतला एक शेतकरी माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, ‘‘आबा, आठे बठ्ठं असंच शे. तुम्ही सायबकडे जा.’’

इथे सगळं असंच, हे मलाही पटलं. साहेबांकडे गेलो. व्यवस्थापकांनी पावतीवरची ओळ वाचली आणि म्हणाले, ‘‘यात वारस दाखला लागतच नाही. नाव कमी करू. ठेवी मुदतीपर्यंत त्याच व्याजाने तुमच्या एकट्याच्या नावावर चालतील. पॅन आता तुमचा लागेल. आणि नामनिर्देशन नव्याने करा.’’ मृत्यूचा मूळ दाखला बघून त्यांनी मला परत दिला, झेरॉक्स ठेवून घेतली. मी माझ्या मुलीचं नाव लिहिलं.

इतकं सोपं होतं, तर आधी दोन चकरा कशाला?

काही दिवसांनी पावत्या घ्यायला गेलो. दोन माझ्या नावावर झाल्या होत्या. तिसरीवर अजून आम्ही दोघं.

‘‘सिस्टिममध्ये राहून गेलं, काका,’’ काउंटरवरची ती मुलगी म्हणाली. ‘‘आत्ता करून देते.’’

मी चिडायला तोंड उघडलं आणि पावतीवर बायकोचं छापलेलं नाव दिसलं. वाटलं, एवढी एक राहू द्यावी. पण उद्या माझं काही झालं, तर याच काउंटरवर पोरीला दोन दाखले घेऊन उभं राहावं लागेल.

‘‘करा,’’ म्हटलं, ‘‘मी बसतो इथेच.’’

नवी पावती हातात पडेपर्यंत हललो नाही.