नऊ कोरी वर्षं

आमचे शिंपीमास्तर कापड दोनदा मोजून एकदा कापणारे. आरोग्य विम्याच्या नूतनीकरणाची नोटीस आली आणि हप्ता जवळजवळ दुप्पट दिसला, तेव्हा ते तडक माझ्याकडे आले. मी त्यांचा विमा एजंट.

"नऊ वर्षांत एक क्लेम नाही. ही काय चेष्टा? लिहा हरकतीचं पत्र!"

मी लिहिलं. मलाही राग आलाच होता. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला मेल पाठवला आणि मास्तरांना बजावलं, "उत्तर येवो न येवो, मुदतीआधी हप्ता भरायचा. नंतर सवलतीचे दिवस मिळतात, पण त्या दिवसांत दवाखाना झाला तर पैसे मिळत नाहीत."

"उत्तर आल्याशिवाय दमडी भरणार नाही," मास्तर म्हणाले. हट्टाला पेटला की हा माणूस ब्रह्मदेवाचंही ऐकत नाही.

मुदतीला पाच दिवस उरले, तसा मी त्यांच्या दुकानात गेलो. मास्तर शिलाई मशीनवर वाकले होते, कपाळावर घाम. मास्तरांच्या बायकोनं, आमच्या काकूंनी, मला बाहेर बोलावलं.

"तुम्हीच समजवा. मागच्या महिन्यात छातीत इतकं दुखलं, की कात्री हातातून पडली. दवाखान्यात चला म्हटलं, तर म्हणाले, नऊ वर्षांचं रेकॉर्ड खराब होईल, एजंटसाहेबांनी जपायला सांगितलंय."

दर वर्षी पाठ थोपटून मीच म्हणायचो, "वा मास्तर, रेकॉर्ड कोरं ठेवलंत!" किरकोळ क्लेम करू नका, एवढंच मला म्हणायचं होतं. पण तसं स्पष्ट कधी बोललो नव्हतो. आत जाऊन मास्तरांना दवाखान्यात चला म्हटलं, तर म्हणाले, "आधी उत्तर येऊ द्या."

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. मास्तरांचा वयोगट बदलला होता आणि योजनेचे दर सगळ्यांसाठीच वाढले होते. एकट्याच्या क्लेमवरून हप्ता ठरत नाही. क्लेम न केल्याचा बोनस म्हणून विम्याची रक्कम आधीच वाढवलेली आहे. हरकत अमान्य.

मी ते दुकानात नेऊन दाखवलं. मास्तरांनी ते दोनदा वाचलं. "म्हणजे तेव्हा गेलो असतो, तरी हप्ता एवढाच?"

"एवढाच," मी म्हणालो.

हप्ता तिथेच भरून घेतला आणि दोघांना रिक्षात घालून दवाखाना गाठला. डॉक्टरांनी हृदयाचा आलेख पाहिला आणि काकूंना बसायला सांगितलं. झटका येऊन गेला होता. हृदयाचा एक भाग कायमचा निकामी झाला होता, आणि दुसरा झटका केव्हाही येऊ शकत होता. लगेच भरती करा, म्हणाले.

विम्याच्या खिडकीवर फॉर्म समोर आला. मास्तरांनी पेन उचललं आणि थांबले. मला इतकी भीती आयुष्यात कधी वाटली नव्हती.

"साहेब," ते हळूच म्हणाले, "याच्यानं पुढच्या वर्षी हप्ता वाढेल का हो?"

काकूंनी त्यांचा हात धरून फॉर्मवर टेकवला.