रिकाम्या बसचा पंचनामा

हडपसरच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी तर्कशास्त्र शिकवते. कुठे ओळख करून द्यायची वेळ आली की समोरचा हमखास म्हणतो, "बापरे! म्हणजे तुमच्याशी वाद घालायला नको." मी हसते आणि मनात म्हणते, घालून तर बघा. वाद घालायला मला आवडतं, आणि जिंकायला त्याहून जास्त आवडतं.

अभ्यासक्रमातलं माझं लाडकं प्रकरण म्हणजे साम्यानुमान. दोन गोष्टी काही बाबतींत सारख्या दिसतात, म्हणून त्या आणखी एका बाबतीतही सारख्या असणार असं आपण धरून चालतो. सगळं घरदार यावरच चालतं. "शेजारचा पाचला उठतो, मग तुला काय धाड भरलीय?" हेसुद्धा साम्यानुमानच, फक्त आईच्या आवाजातलं.

दर शनिवारी माझ्या वर्गात पंचनामा असतो. मुलांनी आठवडाभरात ऐकलेली एखादी तुलना आणायची, मी ती फळ्यावर लिहायची आणि सगळ्यांनी मिळून तिला तीन प्रश्न विचारायचे. सारखं काय? वेगळं काय? आणि तिसरा, सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न: म्हणून काय? सारखेपणा ढीगभर असला तरी त्याचा निष्कर्षाशी संबंध नसेल, तर तो कामाचा नाही. वेगळेपणाचंही तसंच. एका मुलाने एकदा युक्तिवाद आणला होता, "टोपी घालायची की नाही हे माझं मी ठरवतो, मग हेल्मेटचंही मीच ठरवणार." दोन्ही डोक्यावर बसतात, दोन्हींनी केस विस्कटतात, अशी सारखेपणाची यादी चांगली लांबली. शेवटी मागून कुणीतरी म्हणालं, "म्हणून काय? टोपी डोकं फुटू नये म्हणून घालतात का?" युक्तिवाद तिथेच आडवा झाला. तो मुलगा मात्र सोमवारीही टोपी घालूनच गाडीवर आला. पुण्यात तर्कशास्त्र शिकवायचं म्हणजे एवढं सोसावंच लागतं.

तर अशा माझ्या वर्गाची बाकं गेली काही वर्षं रिकामी पडत चालली होती. आमचा तास सकाळी सातचा. तर्कशास्त्र हा पर्यायी विषय, आणि मुलं दुसरे पर्याय निवडायची. मागच्या हिवाळ्यात स्टाफ मीटिंगमध्ये, पोह्यांच्या बश्या फिरत असताना, प्राचार्यांनी विषय काढला.

"मॅडम, बस रिकामी जायला लागली की ती बंद करतात," ते म्हणाले. "आपला तर्कशास्त्राचा वर्ग रिकामा जातोय. पुढच्या वर्षीच्या प्रवेशअर्जात हा विषय ठेवू नये, असं माझं मत आहे."

माझी नोकरी जाणार नव्हती, मला ग्रंथालयात किंवा परीक्षा विभागात कुठेतरी बसवलं असतं. पण खडू हातात नसलेली मी म्हणजे कोण, हे मला खरंच सांगता आलं नसतं. आणि घाबरले की माझी जीभ सुटते.

मी बशी खाली ठेवली आणि बसचा पंचनामा केला. बसला डिझेल लागतं, वर्गाला लागत नाही. बसमधला प्रवासी उतरला की विसरून जातो, विद्यार्थी विसरायला निदान परीक्षेपर्यंत थांबतो. बस एक बंद झाली तर दुसरी पकडता येते, तर्कशास्त्राची दुसरी बस या महाविद्यालयात नाही. सगळे खो खो हसले. भूगोलाच्या सरांनी तर टाळ्याही वाजवल्या. मी विजयी मुद्रेने पोह्यांवर लिंबू पिळलं.

प्राचार्य शांतपणे चहा पीत होते. कप खाली ठेवून ते म्हणाले, "मान्य. बस आणि वर्ग वेगळे. आता बस बाजूला ठेवू. बाकं रिकामी आहेत, हे खरं की खोटं?"

"खरं," मी म्हटलं. युक्तिवाद मोडला म्हणजे निष्कर्षही मोडला असं नसतं, हे मी दरवर्षी मुलांना घसा फोडून सांगते. ही चूक फक्त तर्कशास्त्राच्या शिक्षकालाच सुचावी अशी होती. दुसरं कुणी असतं तर सरळ "सर, असं नका करू" म्हणालं असतं आणि कदाचित ऐकलंही गेलं असतं.

शनिवारी बारावीच्या वर्गात मी तेच फळ्यावर लिहिलं. 'रिकामी बस बंद करतात. हा वर्ग रिकामा आहे. म्हणून हा वर्ग बंद करावा.' मुलांना कुणकुण लागलेली होतीच. त्यांनी बसवर असा हल्ला चढवला की मला भरून आलं. बसला तिकीट असतं, वर्गाला फी असते. बस हलते, वर्ग हलत नाही. दर वेळी बाकीचे एका सुरात ओरडत, "म्हणून काय?" आणि मुद्दा खोडला जाई. एकेक करून सगळे मुद्दे खोडले गेले, माझे मीटिंगमधले टाळीचे मुद्देसुद्धा. माझा चेहरा उतरत चालला होता.

तेवढ्यात दार उघडलं. कात्रजहून येणारी आमची एक मुलगी रोज उशिरा यायची. मी रोज तिला म्हणायचे, "या, आपलीच वाट पाहत होतो." ती रोज म्हणायची, "सॉरी मॅडम," आणि मागच्या बाकावर जाऊन बसायची. त्या दिवशीही तेच झालं. मग तिने फळा वाचला आणि हात वर केला.

"मॅडम, पण हे बरोबरच आहे की."

काहींनी वळून तिच्याकडे असं पाहिलं, जणू ती प्राचार्यांच्या घरी राहायला गेली होती.

"म्हणजे, तुलना बरोबर आहे," ती घाईघाईने म्हणाली. "फक्त अर्धीच केलीय. आमच्याकडे एक बस होती, पहाटे सुटायची. रिकामी जायची. कारण ज्या कंपनीची माणसं तिने जायची ना, तिथली शिफ्टच चेंज झाली होती. ती बंद करणार होते. पण लोक म्हणाले, आम्हाला जायचंय, टायमिंग बदला. बदललं. आता तीच बस इतकी पॅक असते की मला कधीकधी चढताच येत नाही. म्हणून तर मला उशीर होतो, मॅडम."

वर्ग हसला. मी हसले नाही, कारण माझ्या डोक्यात काहीतरी जागेवर बसत होतं. मी खडू उचलला आणि 'रिकामी' या शब्दाखाली रेघ मारली.

"बस रिकामी आहे, एवढ्यानं ती बंद करतात का?"

"नाही," हडपसरचाच एक मुलगा म्हणाला. "कुणाला तिकडे जायचंच नसेल तर बंद करतात. जायचं असेल पण टाइम जमत नसेल, तर टाइम बदलतात."

"म्हणजे तपासायचं काय?"

"बाकं का रिकामी आहेत ते!" दोघातिघांनी एकदम सांगितलं.

प्राचार्य आणि मी, आम्ही दोघं बाकांकडेच बघत राहिलो होतो. ती रिकामी का, हे त्यांनी विचारलं नव्हतं आणि मीही नाही. आणि उत्तर तर रोज सकाळी धापा टाकत माझ्या दारात उभं राहत होतं, मी त्याला टोमणा मारून आत घेत होते.

मुलं उत्साहाने म्हणाली, आम्ही दुसऱ्या तुकड्यांत विचारून येतो. मधल्या सुट्टीत विचारून परतही आली. विश्रांतवाडीहून, कात्रजहून येणारी बरीच मुलं म्हणाली होती, विषय चांगला आहे म्हणे, पण सातला कोण येणार? मी हुरळले. पण कात्रजच्या मुलीने पुन्हा हात वर केला.

"मॅडम, आम्ही पण आईला सांगतो, अभ्यास करायचाय पण लाईट गेलेत. लोक काहीही कारण सांगतात. खरं कळायला टायमिंग बदलूनच बघावं लागेल. आणि तरी रिकामं राहिलं, तर मग सरांचं बरोबर."

हे शेवटचं वाक्य मला आवडलं नाही. पण ते खरं होतं.

सोमवारी मी प्राचार्यांच्या खोलीत गेले. "सर, तुमची बस मला मान्य आहे."

त्यांनी चष्मा काढला. "काय हवंय तुम्हाला?"

मी सगळं सांगितलं. वेळ बदलून बघू. दुपारी बाराचा तास द्या, एक वर्ष. तरीही बाकं रिकामी राहिली, तर जायचंच नाहीये कुणाला असं समजेन आणि कुरकुर न करता ग्रंथालयात बसेन.

"कुरकुर न करता?" ते म्हणाले. "हे तपासायला कुठल्या वर्षाची आकडेवारी बघू?"

मग म्हणाले, बाराला एकच खोली मोकळी असते, कँटीनला लागून असलेली. तिथे वड्यांचा वास येतो. मी म्हटलं, चालेल. त्यांनी वेळापत्रकाचा कागद पुढे ओढला, माझ्याकडे न बघता सात खोडलं आणि बारा लिहिलं. "अहो, मलाही काही हौस नाही," ते पुटपुटले. मला त्यांचा हात धरून थँक्यू म्हणावंसं वाटलं, पण आमच्यात तशी पद्धत नाही.

उन्हाळा मी भीतीत काढला. प्रवेश सुरू असताना एकदाही कार्यालयात डोकावले नाही. वेळ तर बदलली होती, आता सबब उरली नव्हती. बाकं रिकामी दिसली असती, तर तो माझ्या विषयाचाच निकाल होता.

नव्या अकरावीच्या पहिल्या दिवशी बाराच्या ठोक्याला मी त्या खोलीत शिरले. वड्यांचा वास घमघमत होता. बाकं भरली होती. मागे काही मुलं भिंतीला टेकून उभी होती. मी टेबलाला धरून उभी राहिले आणि उगाचच हजेरीपट चाळत बसले, कारण डोळे भरून आले होते आणि पहिल्याच दिवशी हे मुलांना दिसणं धोक्याचं असतं.

मग स्वभावाप्रमाणे मी ते सुख तपासायला गेले. "तुम्ही तर्कशास्त्र का घेतलंत?"

पहिल्या बाकावरचा मुलगा प्रामाणिक निघाला. "टायमिंग बरंय, मॅडम."

"आणि तू?"

"माझं पण तेच."

तिसरी म्हणाली, "शेजारी लगेच वडा मिळतो."

तर्कशास्त्राच्या प्रेमापोटी आलेलं एकही माणूस त्या खोलीत नव्हतं. मी क्षणभर हिरमुसले. मग मला कात्रजची ती मुलगी आठवली, आता कुठल्याशा पदवीच्या वर्गाला जाण्यासाठी तीच खच्चून भरलेली बस पकडणारी. त्या बसवर प्रेम आहे म्हणून कोण चढतं? सोयीच्या वेळेला येते म्हणून चढतात, आणि चढले की पोचतात.

हे साम्यही मी तिथेच उभ्याउभ्या तपासलं. सारखं काय, वेगळं काय, म्हणून काय. टिकलं. मग खडू उचलून मी म्हटलं, "मागचे पुढे सरका, आत जागा आहे."