दिवाळीसाठी राखून ठेवलेले आठ तास

माझ्या नातवंडांनो, तुमच्या मराठीच्या ऑनलाइन शिकवणीची मुदत संपल्याचा निरोप आज फोनवर आला. चूक माझी होती. ती तुमच्या आईने हसत सांगण्याआधी मीच लिहिते.

चोवीस तासांचं पॅकेज मी घेतलं ते एवढ्यासाठीच, की तुम्ही माझ्याशी मराठीत बोलावं. तुमची रविवारची सकाळ म्हणजे परभणीत माझी संध्याकाळ. सोळा तास झाले. मग तुम्ही दिवाळीला येणार असं ठरलं, आणि उरलेले आठ मी नोंदवलेच नाहीत. म्हटलं, मुलं शेजारी बसून शिकतील. मलाही ऐकायला मिळेल.

पण दिवाळीचं येणं लांबलं. तेव्हा मी जिंतूरला राहणाऱ्या तुमच्या शिक्षिकेला फोन केला.

"आजी, मुदतीचे तीनच दिवस उरले की!"

"सहा महिने पहिल्या तासापासून ना?"

"पैसे भरले त्या दिवसापासून. वाढीव मुदत आठ दिवस आधी मागावी लागते. लोणचं हाय का हे, मुरवत ठेवायला?"

मला हसू आलं, आणि वाईटही वाटलं. विद्यापीठाच्या नामांतर आंदोलनाच्या वर्षांत मी घरी इंग्रजी शिकवायची. गाव बंद असलं की मुली येत नसत. पिंगळीहून रेल्वेने येणारी एक तर महिन्याने उगवली, तरी तिचा धडा तिच्यासाठी थांबलेला होता. धडा वाया जातो हे मला ठाऊकच नव्हतं.

रविवारचा एकच तास मोकळा मिळाला. तो नोंदवला. नेमका त्याच सकाळी तुमचा सामना निघाला. तास पुढे ढकलता येतो, पण मुदतीच्या आतच, आणि त्या आत दुसरा तास मोकळा नव्हता. पंधरा मिनिटांत कोणी आलं नाही, तर तास झाला असं धरतात. बाराव्या मिनिटाला मीच फोनसमोर बसले.

"आजी, तुमी?"

"मुलं खेळायला गेलीत. मला शिकवा."

"तुमाला काय शिकवू? तुमीच बोला, मी रेकॉर्डिंग करायलेय."

मग मी तुम्हाला सांगायच्या होत्या त्या गोष्टी सांगितल्या: तुमच्या आईला ज्वारीच्या हुरड्याचं किती वेड होतं, आणि अंगणात चिमण्या आल्या की ती कशी हाका मारायची. मधेच तुमची नावं घेतली, आणि सवयीने उत्तराची वाट पाहिली.

बाकीचे सात तास गेले. ते परत मिळत नाहीत, पैसेही मिळत नाहीत. तसं शिकवणीवाल्यांनी आधीच लिहिलं होतं, मीच शेवटपर्यंत वाचलं नव्हतं.

तो एक तास मात्र मी फोनमध्ये उतरवून घेतला आहे. त्याला मुदत नाही.