नोंदीतला अंगठा

मालनबाई ओव्हाळच्या पोटात दोन दुखणी होती. एक डॉक्टरला सापडलं होतं. पिशवी काढायला लागेल, सोळा फेब्रुवारीला मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात टेबलावर घेऊ, असं त्यांनी चिठ्ठीवर लिहून दिलं होतं. दुसरं दुखणं कुठल्या डॉक्टरला सांगण्यासारखं नव्हतं. आपण टेबलावरून उठलोच नाही, तर पांडूच्या जिवाचे पैसे लेकीला, जनाला, मिळतील का?

पांडू तिचा नवरा. साजगावच्या कारखान्यात पट्ट्यात ओढला गेला आणि तिथंच संपला. भरपाई आली ती सत्त्याऐंशीच्या जुलैत एका एजंटाने फंडाच्या युनिटांत घालून दिली. दर महिन्याला व्याजासारखी रक्कम येणार आणि मुद्दल शाबूत राहणार होतं. तेव्हा मालनबाई दिराच्या, कोंडीरामच्या घरी साजगावात राहत होती. तिचं स्वतःचं खातं नव्हतं, म्हणून खोपोलीच्या बँकेत दीर-भावजयीचं जोडखातं उघडलं. एजंटाने विचारलं, "वारस कोणाला लावायचं? सज्ञान पायजे बरं का." जना सतरा वर्षांची. सोबत पालकाचं नाव लिहून अज्ञान पोरीलाही लावता येतं, हे एजंटाला ठाऊक नव्हतं, की लिहायचा कंटाळा होता, कोण जाणे. त्याने फॉर्मवर कोंडीराम लिहिला. मालनबाईने खाली अंगठा उठवला. पत्ता कोंडीरामचा, खातं दोघांचं, वारसही कोंडीराम.

दीर सोन्यासारखा माणूस. फंडाकडून वर्षाची बारा वॉरंटं, म्हणजे महिन्याच्या रकमेचे चेकसारखे कागद, एकदम त्याच्या पत्त्यावर यायची, प्रत्येकावर जोडखात्याचा नंबर छापलेला. तारीख आली की कोंडीराम त्या महिन्याचं वॉरंट बँकेत भरायचा, पैसे काढायचा आणि मोजून भावजयीच्या हातात ठेवायचा. पण सोन्याच्या माणसालाही बायकामुलं असतात. मालनबाईला भीती होती ती कोंडीराम नसताना काय होईल याची.

आता ती जनाला घेऊन कर्जतला भिसेगावात भाड्याने राहत होती, चाकरमान्यांना डबे करून देत होती. कर्जतच्या बँकेत स्वतःचं खातं उघडलं होतं. त्या पासबुकावर तिचा फोटो आणि फोटोखाली अंगठा. ते पासबुक घरी आणलं त्या दिवशी तिला स्वतःचीच लाज वाटली. मग विहारात संध्याकाळी बायकांचा वर्ग भरायचा तिथं ती जाऊन बसली. भाकऱ्या थापणारी बोटं पेन्सिलही दाबायची. शेजारची इंदूबाई चिडवायची, "मालने, पाटी हाय ती, परात नाय. दाबू नको." चार महिन्यांत मालनबाई सही शिकली. 'मालन पां. ओव्हाळ.' वळण वाकडं, पण एकेक अक्षर तिचं. त्या दिवशी तिने जनाला सांगितलं, "आता मेले तरी अंगठा उठवायची नाय."

जानेवारीच्या सहा तारखेला जनाने अर्ज लिहिला. जना एसएससी झालेली, अक्षर मोत्यासारखं. फंडाचे कागद सांभाळणारी कंपनी वेगळी असते, तिला रजिस्ट्रार म्हणतात आणि ती मुंबईला फोर्टात असते, एवढं तिने युनिटांच्या सर्टिफिकेटाच्या पाठीवरून काढलं. सर्टिफिकेट नंबर घातला. बँकेची नोंद बदलून कर्जत शाखा आणि हा खाते नंबर करावा. वारस म्हणून दिराचं नाव काढून मुलगी जना पांडुरंग ओव्हाळ, वय एकोणीस, असं नोंदवावं. मालनबाईने जीभ दाताखाली धरून सही केली. पोस्टात जाऊन पोचपावतीसह रजिस्टर केलं.

"काकाला सांगायचं ना गं आये?" जनाने विचारलं.

"सांगू. नोंद झाली की सांगू."

सांगायचं कसं, हेच तिला कळत नव्हतं. भाऊजी, तुमच्यावर माझा विश्वास हाय, म्हणून तुमचं नाव काढते, असं कोणी सांगतं का?

आठवड्याने पोचपावती आली, शिक्का मारलेली. मालनबाईने ती तांदळाच्या डब्यात ठेवली. मग काहीच आलं नाही. सायकलची घंटा वाजली की ती भाकरी तव्यावर टाकून दारात यायची. भाकरी जळायची. पोस्टमन पुढं निघून जायचा. "आज पन नाय, मावशी," तो ओरडून सांगायचा, जणू चूक त्याचीच.

एकतीस तारखेला दारात उभा राहिला तो कोंडीराम. हातात फोडलेलं पाकीट. उंबऱ्यावरच बसला.

"चा ठेवते, भाऊजी."

"नको." त्याने पाकीट पुढं केलं. "तुझं पत्र माझ्या घरी आलं, वयनी."

मालनबाईने कपाळावर हात मारला. खातं बदला लिहिलं, वारस बदला लिहिलं. पत्ता बदला हे दोघींनाही सुचलं नव्हतं. अर्जावर वर भिसेगाव लिहिलं तेवढ्यावर रजिस्ट्रार थोडाच हलतो? नोंदीत जो पत्ता, तिथंच उत्तर.

"गजाने वाचून दाखवलं," कोंडीराम म्हणाला. गजा त्याचा थोरला. "तुझी जाव ठकू म्हनाली, दोन वर्सं पैसं पोचते केलं, आता आपुन चोर झालो. मी म्हनलो गप बस. पन वयनी, मला इचारलं आसतंस तर मी काय नाय म्हनलो आसतो?"

मालनबाई खाली बघून पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग जनाच बोलली, "काका, आयेचं आपरेशन हाय. सोळाला. मुंबईला."

कोंडीराम पोरीकडं बघत राहिला, मग भावजयीकडं.

"हे पन मला नाय सांगितलं?"

"घाबरले होते, भाऊजी," मालनबाई म्हणाली. "तुमाला नाय. मरनाला."

कोंडीरामने डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग म्हणाला, "ठेव चा. आन जना, तू ते पत्र वाच. गजाला निम्मं कळलं नाय."

पत्र इंग्रजीत होतं. जनाने अडखळत अर्थ लावला. दोन हरकती होत्या. पहिली, अर्जावर सही आहे, पण आमच्या नोंदीत या युनिटधारकाचा अंगठा आहे. तेव्हा अर्ज अंगठ्यासह, बँक मॅनेजरने साक्षांकित करून पाठवावा. दुसरी, चालू वर्षाच्या न भरलेल्या वॉरंटांवर जुना खाते नंबर छापलेला असल्याने ती परत जोडावीत. ही पूर्तता होईतो नोंदीत काहीही बदल केलेला नाही.

"काहीही बदल नाय," मालनबाई पुटपुटली. सोळाला सोळा दिवस उरले होते.

कोंडीरामने खिशातून पाच वॉरंटं काढली. फेब्रुवारी ते जून. गजाच्या वाचनातून एवढं त्याला कळलं होतं. येताना तो ती घेऊनच आला होता.

दोन तारखेला तिघं कर्जतच्या बँकेत गेली. मॅनेजर तरुण होते, चष्मा नाकावर घसरणारे. त्यांनी नवा अर्ज वाचला. या खेपेला जनाने पत्ताही बदलायला लिहिला होता आणि वॉरंटांचे नंबर एकाखाली एक मांडले होते.

"साहेब, मला सही येते," मालनबाई म्हणाली. "माझ्या हातची सही हाय, ती खोटी कशी?"

"खोटी नाही हो. पण त्यांच्याकडं ताडून बघायला काय आहे? तुमचा अंगठा. माझ्या रजिस्टरातही तुमचा अंगठाच आहे. सहीला मी कशावरून सांगू की ही तुम्हीच? आधी इथं सही बदलायचा फॉर्म भरा, तो मंजूर होऊ दे, मग तिकडं..."

"किती दिवस लागतील?"

"धरा पंधरा."

जना म्हणाली, "आये, तू शपथ घेतली होतीस."

"शपथ मी घेतली, मीच मोडते." मालनबाईने शाईचा पॅड स्वतःच ओढून घेतला. "तुझ्यापरीस सही मोठी हाय का गं?"

मॅनेजरांनी सगळा अर्ज तिला मराठीत वाचून दाखवला. समजलं ना, विचारलं. पासबुकावरच्या फोटोकडं आणि तिच्याकडं बघितलं. मग तिने अंगठा उठवला. काळा, गोल, तोच जुना. मॅनेजरांनी त्याच्या बाजूला 'माझ्या समक्ष' लिहून सही ठोकली, शिक्का मारला. वारसाच्या भागावर साक्षीदार लागत होता. मॅनेजर कोंडीरामकडं बघून थांबले. "तुमचंच नाव निघतंय ना?"

"म्हनून तर," कोंडीराम म्हणाला. त्याने पेन मागितलं आणि सावकाश सही केली.

"साहेब," मालनबाई म्हणाली, "फुडल्या खेपेसाठी सही नोंदवायची तर?"

"त्याच अर्जात लिहू. ही माझी नवी सही, यापुढं ही धरावी. अंगठ्याखाली करा. दोन्ही मी साक्षांकित करतो."

तिने सही केली. 'ओव्हाळ'मधला 'ळ' जवळजवळ आडवा पडला.

टपालावर कोंडीरामचा विश्वास उरला नव्हता. दुसऱ्या दिवशी रजा टाकून तो स्वतः फोर्टात गेला. खिडकीवर अर्ज आणि वॉरंटं दिली, कागदाच्या प्रतीवर आवक शिक्का मारून घेतला. संध्याकाळी आला तो तोंड उतरवून.

"घेतला अर्ज. पन नोंद आज नाय म्हनतो. तपासनार, मंग कंप्युटरवर चढवनार, मंग पत्र. मी म्हनलो बाई टेबलावर जानार हाय रं बाबा. तर म्हनला, काका, हितं सगळ्यांचंच कायतरी आसतं."

"मंग ह्या शिक्क्याला काय अर्थ?"

"पोचला एवढाच."

तेरा तारखेला मालनबाई भरती झाली. कोंडीराम पोचवून गेला. लोखंडी खाटेवर पडल्या पडल्या तिने उशीखाली ती शिक्क्याची प्रत ठेवली होती. शेजारच्या खाटेवरची रजिया नावाची पेशंट बाई म्हणाली, "ताई, तावीज हाय का?"

"तसंच समज."

पंधराला दुपारी भेटीच्या वेळेत जना आली. धापा टाकत. हातात पाकीट, न फोडलेलं, वर भिसेगावचा पत्ता.

"फोडलं का नाय?"

"तुझ्या नावावर हाय."

मालनबाईने पाकीट उलटंपालटं केलं. आता पत्ता तरी बरोबर होता. पण त्यात हरकतही असू शकते. तिने कडेने अगदी हळू फाडलं आणि पोरीकडं दिलं. जना उभ्या उभ्या मनात वाचत होती, आणि तिचे ओठ हलायचे थांबले तशी मालनबाईने तिचं मनगट धरलं.

"मोठ्यानं वाच, मेले!"

"आये, झालं. बँक कर्जत. पत्ता भिसेगाव. नॉमिनी जना पांडुरंग ओव्हाळ, डॉटर. नवीन वॉरंटं आठवड्यात पाठवतो म्हनतात. आन सही... सही पन नोंदवली गं."

मालनबाईने पत्र मागून घेतलं. इंग्रजी तिला येत नव्हतं. जनाने बोट ठेवून दाखवलं, हे माझं नाव. त्या नावावर तिने नुसता हात फिरवला. मग म्हणाली, "हितनं परस्पर काकाकडं जा. आधी त्याला दाखव."

थोड्या वेळाने सिस्टर कागद घेऊन आली. ऑपरेशनला संमती. तिने मालनबाईच्या हाताकडं, साडीकडं बघितलं आणि न विचारताच शाईचा पॅड पुढं केला.

मालनबाई उठून बसली. "सिस्टर, आधी बघून या. तुमच्या दप्तरी माझं काय हाय? अंगठा का सही?"

सिस्टर गोंधळली. "अहो, तुम्ही पहिल्यांदाच आलात ना इथं? काहीच नाही."

"काहीच नाय?"

"काहीच नाही."

"मंग पेन द्या," मालनबाई म्हणाली.