भजीच्या तेलाचा डाग आणि अक्कांचं पेट्रोल

मुलांनो, गेल्या हिवाळ्यात आपली गाडी सप्तापूरच्या चढावर उचक्या देऊ लागली. दाबलं तरी पळेना, मध्येच गचके देई. तुमच्या आजोबांचा चेहरा असा झाला, जणू घरातलं कुणी आजारी पडलंय. आदल्याच दिवशी त्यांनी पेट्रोल भरलं होतं, म्हणून त्यांनी तिथल्या तिथे निकाल देऊन टाकला.

"भेसळ! दुसरं काही नाही."

पेट्रोल भरलं होतं ते अक्कांच्या पंपावर. अक्का म्हणजे आपल्या कानडी शेजारीण. यजमान गेल्यावर पंप त्या स्वतःच चालवतात. वयाने आमच्यापेक्षा बऱ्याच लहान, पण सगळी गल्ली त्यांना अक्काच म्हणते. मी आजोबांना सांगितलं, आधी मेकॅनिकला दाखवा, मग बोला. त्यांनी ते उलट्या क्रमाने केलं. सकाळच्या फिरायच्या मंडळींत आधी बोलून टाकलं. ही मंडळी म्हणजे निवृत्त माणसं. त्यांच्याकडे वेळ भरपूर आणि प्रत्येकाकडे एक गाडी. तिघांनी लगेच दुसऱ्या पंपाची वाट धरली, आणि संध्याकाळी अक्का आमच्या फाटकाशी उभ्या राहिल्या.

"काका, माझ्या पेट्रोलला नावं ठेवलीत म्हणे. माझ्या पाठीमागे कशाला? तोंडावर ठेवा की! माझा पंप नावावर चालतो. उद्या सगळ्यांना घेऊन या आणि तपासा. वाईट दिसलं तर तसं सांगा. नाही दिसलं तर तेही तिथेच, सगळ्यांसमोर सांगायचं."

"येणारच," आजोबा म्हणाले. मग आत येऊन मला हळूच विचारलं, "तपासतात कसं गं?"

मी पंपावरचा फलक येता-जाता वाचलेला होता. फिल्टर पेपर मागायचा ग्राहकाला हक्क असतो. नोझलचं तोंड आधी पुसून घ्यायचं, कागदावर पेट्रोलचा थेंब सोडायचा आणि दोनेक मिनिटं थांबायचं. थेंब उडून गेला आणि मागे डाग उरला नाही तर ठीक. डाग उरला तर संशय. हे मी त्यांना जेवताना दोनदा सांगितलं. एक सांगायचं राहिलं, ते पुढे कळेल.

दुसरा दिवस रविवार होता. रविवारी फिरून झालं की या मंडळींचं गिरमिट, म्हणजे मसाला लावलेले चुरमुरे, आणि मिरची भजी ठरलेली असतात. तपासणीचा दिवस म्हणून ती चुकवावीत असं एकालाही वाटलं नाही. उलट भजी बांधून घेऊन सगळे थेट पंपावर आले, लग्नाचं वऱ्हाड यावं तसे. आजोबा पुढे, मी त्यांच्या मागे, आणि भजीचा वास सगळ्यांच्या पुढे.

अक्कांनी ड्रॉवरमधून फिल्टर पेपरचं पाकीट काढलं. आमच्यातल्या निवृत्त वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांनी ते हातात घेतलं.

"थांबा, हा खरा फिल्टर पेपरच आहे ना? आयुष्यभर वापरलाय मी." त्यांनी एकेक कागद काढून उजेडात धरला, बोटांनी चोळला आणि पुढच्याला दिला. पुढच्याने चोळून त्याच्या पुढच्याला. कागद सगळीकडे फिरून अक्कांकडे परत आले.

अक्कांनी नोझल स्वच्छ फडक्याने पुसलं आणि वरच्या कागदावर थेंब सोडला. सगळे वाकले. एवढी टकलं एकत्र वाकलेली मी प्रथमच पाहिली. थेंब पसरला, आकसला, उडाला. आणि मागे राहिलं एक गोल, तेलकट, अर्धपारदर्शक कडं.

"बघा!" आजोबा जवळजवळ नाचले. "म्हटलं नव्हतं मी?"

"अय्यो देवा," अक्का म्हणाल्या आणि खुर्चीचा हात धरला. त्यांचा चेहरा पाहून माझंही हसू आटलं. रांगेतला एक स्कूटरवाला टाकीचं झाकण परत लावू लागला.

मी सहज गठ्ठ्यातला त्याखालचा कागद उचलला. त्यावर पेट्रोलचा थेंबही पडलेला नव्हता, तरी डाग होता. त्याखालच्यावर दोन. आणि शेवटच्यावर तर कुणाचा तरी आख्खा अंगठा.

"अहो," मी म्हटलं, "या कागदांवर पेट्रोल घातलेलंच नाही. यांच्यात कुणी भेसळ केली?"

सगळे आपापल्या बोटांकडे बघू लागले. प्राध्यापकांनी बोटं हुंगली.

"भजी," ते अत्यंत गंभीरपणे म्हणाले.

मग स्कूटरवाला हसला, अक्का हसल्या, मी पंपाचा खांब धरून हसले. आजोबा तेवढे हसले नाहीत. त्यांच्या मिशीला मिरचीची बी चिकटली होती.

अक्कांनी सगळ्यांना साबणाने हात धुवायला पाठवलं. कागदाला स्वच्छ हातच लावायचे, हेच माझं सांगायचं राहिलं होतं. नवं पाकीट फोडलं, कागद फक्त कडेने धरला, नोझल पुन्हा पुसलं. थेंब पडला, उडाला, कागद कोरा. मग त्यांनी उंच जारमध्ये पेट्रोल घेतलं, त्यात हायड्रोमीटर तरंगवला, शेजारी थर्मामीटर सोडला. दोन्ही आकडे तक्त्यात पाहून पंधरा अंशांची घनता काढली. टँकर आला तेव्हा नोंदलेल्या घनतेशी ती जुळली. थोडासा फरक चालतो, तेवढाही नव्हता.

"शुद्ध! शंभर टक्के शुद्ध!" मंडळी ओरडली. मघाशी भेसळ म्हणणारी तीच तोंडं.

मला राहवलं नाही. "कोऱ्या कागदाने तेवढं सिद्ध होत नाही. न उडणारं काही असेल तर ते मागे राहतं. पण पेट्रोलसारखंच उडून जाणारं काही मिसळलं, तर कागद गप्पच बसणार. आणि मिश्रण नेमकं जुळवलं तर घनताही जुळेल."

आजोबांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी नक्की कुणाच्या बाजूची तेच त्यांना कळेना. मी अक्कांकडे पाहायचं टाळलं. पण त्याच म्हणाल्या, "हौदु, खरंय, काकू बरोबर बोलतात. पक्कं सांगायचं तर नमुना लॅबलाच जायला हवा. मी कुठे शुद्ध म्हणा म्हणते? दिसलं तेवढं म्हणा."

"मग माझी गाडी उचक्या का देते?" आजोबांनी विचारलं.

त्याचं उत्तर दुपारी मेकॅनिकने दिलं. एअर फिल्टरचा डबा उघडला आणि आतून शेंगांची टरफलं निघाली, खूपच. टरफलांखाली उंदराचं घरटं होतं. घरट्याला अस्तर होतं आजोबांच्या हरवलेल्या माकडटोपीचं. हवाच आत जात नव्हती. डबा साफ केला, फिल्टर बदलला आणि टाकीतल्या त्याच पेट्रोलवर गाडी चढ सरळ चढून गेली. मेकॅनिकने टोपी परत देऊ केली. आजोबांनी ती घेतली, कारण कानाचा भाग शाबूत होता.

दुसऱ्या दिवशी फिरणं झाल्यावर आजोबांनी मंडळींना गाड्या काढायला लावून पुन्हा पंपावर नेलं; मीही त्यांच्या गाडीत होते. अक्का बाहेर आल्या. आजोबांनी घसा खाकरला.

"अक्का, मी भेसळ म्हणालो ते चुकीचं होतं. दोष उंदराचा होता."

"आणि पेट्रोल?" अक्कांनी डोळे मिचकावत विचारलं.

आजोबांनी माझ्याकडे पाहिलं, शब्द तोलले.

"पेट्रोलविरुद्ध मला काहीही सापडलं नाही."

"बस्स, एवढंच हवं होतं मला," अक्का म्हणाल्या, आणि नोझल त्यांच्या गाडीकडे वळवलं. मागे रांगेत, दुसऱ्या पंपाची वाट धरलेल्या तिन्ही गाड्या उभ्या होत्या.