कतल्याचा फोटो

माणसं जमली की माझ्या अंगात येतं, हा जन्माचा रोग. सौंसरच्या बाजारात आम्ही मासे विकायचो. गिऱ्हाईक रोहू मागायचं आणि मी त्याला रोहूची पत्रिका वाचून दाखवायचो. लोक हसायचे, बाबा गल्ला बघायचे. पंचविशीही उलटली नव्हती माझी.

ऐंशीच्या दशकातल्या एका थंडीत पांढुर्ण्याचे एक संत्र्यांचे शेठ आमच्या मच्छीओळीत आले. हातात रंगीत फोटो, चेहरा जळका. नागपूरहून लेकीच्या सासरचे जेवायला आले होते. शेठच्या गड्यानं इथून कतला नेला. डोक्याचा रस्सा होणार म्हणून मुलानं नव्या कॅमेऱ्यानं सबंध माशाचा फोटोही काढला. आणि पंगतीत व्याही म्हणाला, आमच्याकडे कतला असा नसतो. लेकीनं मान वर केली नाही, एवढंच शेठ पुन्हा पुन्हा सांगत होते.

गडी आपल्या गावी गेलेला. टोकावरच्या दुकानातून घेतला, एवढंच तो बोलला होता. ओळीच्या एका टोकाला एक विधवा मावशी बसायची. सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. ओळीचा नियम पक्का होता: एकाच्या नावावर दुसरा मासा विकला, कतला म्हणून स्वस्तातला सिल्व्हर कार्प खपवला, तर होळीपर्यंत बसायचं नाही. मावशीचं घर त्या जागेवर चालायचं.

"म्या सिल्व्हर आणलाच नाई त्या दिशी," ती म्हणाली.

बाबा ओळीतले वडीलधारे. न्याय त्यांनी करायचा. त्यांनी फोटो पाहिला, माझ्याकडे सरकवला आणि माझ्या डोळ्यांत बघत म्हणाले, "पाय बरं. कतलाच हाय नं?"

ते बघणं मला तेव्हा कळायला हवं होतं. पण समोर माणसं होती ना.

मी फोटो उंच धरला. आधी तोंड. रोहूचं तोंड खालच्या अंगाला, तळ चाटायला. याचं वर वळलेलं, म्हणजे रोहू बाद. "पण शेठ, इथंच फसगत हाय. कतल्याचं तोंड वर, सिल्व्हरचंही वर. दोघंही आभाळाकडे पाहूनच जेवतात." लोक हसले. शेठसुद्धा हसले, आणि मी चेकाळलो.

मग पर. कतल्याच्या पाठीवरचा पर लांब, पंधरा-सोळाच्या वर काड्या, आणि पोटामागचा, शेपटीकडचा पर आखूड. फोटोत उलटं होतं. पाठीवरच्या काड्या मी मोठ्यानं मोजल्या, लोकही सुरात मोजू लागले, आणि दहाच्या आतच मोजणी संपली. पोटामागचा पर मात्र चांगला लांब. खवले बारीक, कतल्याचे रुपयाएवढे असतात. डोळा तोंडाच्या रेषेपेक्षाही खाली उतरलेला. कतल्याचं डोकं रुंद, अंग फुगीर. हा बाजूनं चपटा, पोटाला सुरीसारखी धार.

"बस झालं," बाबा म्हणाले.

मला वाटलं, शाबासकीच आहे.

"थांबा नं बाबा, कल्ला राह्यला," म्हणून मी कल्ल्यावर बोट ठेवलं. कल्ल्यातून दोरी आत गेली होती, तोंडातून बाहेर आली होती, मासा हातात धरून न्यायला बांधतात तशी. जुन्या जाळ्याची दोरी, दुहेरी पिळलेली, जबड्याखाली गाठ. मावशी पळसाच्या सालीनं बांधायची. जाळ्याची दोरी आणि ती गाठ अख्ख्या ओळीत एकाच माणसाची होती. तो ओळीच्या दुसऱ्या टोकाला, निंबाखाली बसायचा. मी त्याच्याशेजारी बसायचो.

माझं बोट तिथंच राहिलं. वाकून बघणाऱ्यांनीही गाठ पाहिली. मघाशी मोजणारं कुणीच आता मोजत नव्हतं. मी मावशीकडे बघू शकलो नाही.

बाबांनी तराजू उतरवला. पारडी एकात एक घातली, सुरी पोत्यात गुंडाळली आणि शेठपुढे हात जोडले. "कतला सरला होता," म्हणाले. "चूक नाई, शेठ. मुद्दाम देल्ला." मग मावशीकडे वळून म्हणाले, "बाई, मी आयकून राहिलो होतो अन् गप्प होतो."

मावशी पाण्याचा हबका मारत आपले मासे ओले करत राहिली.

घरी जाताना पोतं मी घेतलं, तराजू बाबांनी. बोरगावकडच्या रस्त्याला लागलो. मला सारखं वाटत होतं, कतलाच आहे म्हणालो असतो तर? तर मावशी उठली नसती आणि बाबाही उठले नसते. शेठच्या लेकीची मान मात्र तशीच खाली राहिली असती. मग वाटायचं, निदान काड्यांवरच थांबायचं होतं. आणि तसं वाटल्याची अधिकच लाज वाटायची, कारण काड्यांवर थांबलो असतो तर मावशी गेली असती.

"मासा बराबर वळखला तू," बाबा एकदम म्हणाले. "पण मोजाले कायले लावलं रे लोकाईले?"

होळीपर्यंत निंबाखालची जागा रिकामी होती. गिऱ्हाइकं मावशीकडे वळली. त्यातली काही मला बघून बोटं वर करायची आणि मोजल्यासारखं करायची, गमतीनं. मीही हसायचो.